पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर: किती रक्कम करपात्र, किती कापली जाते आणि परत किती मिळते

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडली, दोन महिने थांबून पीएफचा दावा टाकला आणि खात्यात आलेली रक्कम पासबुकातल्या रकमेपेक्षा बरोबर दहा टक्के कमी निघाली, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. त्यावर दोन प्रकारचे समज पक्के आहेत. काही जण म्हणतात, कर कापून घेतलाय, आता रिटर्नमध्ये काही दाखवायचं कारण नाही. काही जण म्हणतात, दहा टक्के गेले ते गेले. दोन्ही समज चुकीचे आहेत. कापलेले दहा टक्के म्हणजे कर नव्हे, ती नुसती आगाऊ जमा आहे. खरा कर वेगळ्या रकमेवर, वेगळ्या रीतीने आणि मागच्या प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र हिशेब करून ठरतो. तो कधी कापलेल्या रकमेपेक्षा कमी येतो, कधी जास्त.

हा हिशेब कसा करायचा ते इथे एका उदाहरणातून पाहू. रक्कम २०२५-२६ या आर्थिक वर्षात हातात आली, असं धरलं आहे. या वर्षाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे त्यानंतर हातात पडलेल्या रकमेसाठी खालचे क्रमांक जसेच्या तसे वापरू नका.

आधी पाच वर्षं नीट मोजा

मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीतली रक्कम करमुक्त केव्हा, हे आयकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला नियम ८ सांगतो. सलग सेवा पाच वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर सगळी रक्कम करमुक्त. मुद्दा आहे तो या मोजणीचा. मोजायची ती सेवा. खातं उघडून किती वर्षं झाली, याला इथे अर्थ नाही. २०१९ मध्ये यूएएन मिळाला आणि मधली दोन वर्षं घरी काढली, तर ती दोन वर्षं धरली जात नाहीत.

आधीच्या कंपनीतली सेवा मात्र धरता येते. अट एवढीच की तिथली शिल्लक पुढच्या कंपनीच्या पीएफ खात्यात वर्ग झालेली असली पाहिजे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नेमकी इथेच गफलत होते. मशीन तेच, शेड तीच, गेटही तेच असतं, पण ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार त्याच यूएएनखाली नवा मेंबर आयडी उघडतो. कामगाराच्या लेखी तो सहा वर्षं एकाच कारखान्यात आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या नोंदीत मात्र त्याचे दोन-दोन वर्षांचे तीन तुकडे आहेत. हे तुकडे जोडून न घेता दावा टाकला की प्रत्येक तुकडा पाच वर्षांहून लहान दिसतो आणि कपात होते.

म्हणून दावा टाकण्याआधी सदस्य पोर्टलवर `View` मधलं `Service History` उघडा. प्रत्येक मेंबर आयडीसमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आहे का, ते बघा. जुन्या आयडीवर सोडल्याची तारीखच नसली तर वर्ग करण्याची विनंती अडते. जुन्या ठेकेदाराने तारीख टाकली नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती स्वतः टाकता येते. तारीख टाकताना एक काळजी घ्या. जुनी नोकरी सोडल्याची तारीख नव्या नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेनंतरची पडली तर दोन सेवा एकमेकींवर चढतात आणि ते निस्तरायला नव्या-जुन्या दोन्ही मालकांच्या मागे फिरावं लागतं. तारखा जुळल्या की `One Member – One EPF Account (Transfer Request)` मधून शिल्लक वर्ग करा. ती नव्या पासबुकात उमटेपर्यंत पैसे काढायचा दावा टाकू नका.

पाच वर्षं भरत नसली तरी तीन प्रसंगी रक्कम करमुक्तच राहते. आजारपणामुळे नोकरी सुटली, मालकाचा धंदा बंद पडला किंवा आक्रसला, किंवा कामगाराच्या हातात नसलेल्या अन्य कारणाने नोकरी गेली, तर कर नाही. पण बहुतेक वेळा मालक पोर्टलवर नोकरी सोडण्याचं कारण म्हणून साधी सेवासमाप्ती निवडतो. त्या नोंदीवरून कारखाना बंद पडल्याचं कोणाला कळत नाही आणि कपात होऊन जाते. तुमचा प्रसंग यातला असेल तर टाळेबंदीची नोटीस, कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा वैद्यकीय कागद जपून ठेवा. कपात झाली असली तरी रिटर्नमध्ये रक्कम करमुक्त दाखवून ती परत मागता येते. मात्र विचारणा झाली तर उत्तरादाखल हेच कागद कामी येतात. स्वतःहून दिलेला राजीनामा यात बसत नाही, मग त्यामागे पगार थकल्याचा वैताग का असेना.

कपात कशावर होते आणि किती

कलम १९२ए हे १ जून २०१५ पासून लागू आहे. सेवा पाच वर्षांहून कमी आणि देय रक्कम ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर पैसे देतानाच १० टक्के कापले जातात. मोठ्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर हीच कपात तो ट्रस्ट करतो. पॅन नसेल किंवा खात्याला नीट जोडलेला नसेल, तर दर २० टक्के होतो. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं आणि पीएफच्या नोंदीत तिसरं, असं असलं की पॅन असूनही तो जोडला जात नाही. विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी केवायसीचा रकाना आधी तपासावा.

कपात करणाऱ्याला तुमचा कर काढायचा नसतो. तो पासबुकातली कामगाराची आणि मालकाची, अशी सगळी पीएफ शिल्लक एकत्र धरतो आणि तिचे सरळ दहा टक्के काढतो. त्या शिल्लकीत तुमचा स्वतःचा, आधीच कर भरून झालेला पैसाही असतो आणि त्यावरही कपात होते. म्हणजे कपात ज्या रकमेवर झाली ती सगळी तुमची करपात्र रक्कम असते असं नाही. उलट बाजूही ध्यानात असू द्या. ५०,००० च्या आत रक्कम निघाली म्हणून कपात झाली नाही, तरी कर लागू होतोच. फक्त तो आपण होऊन दाखवायचा असतो.

आता फॉर्म १५जीबद्दल. तो अपलोड केला की कपात होत नाही, हे खरं आहे. म्हणूनच सायबर कॅफेत दावा भरून देणारा न विचारता तो जोडून टाकतो. पण तो अर्ज म्हणजे तुमचं लेखी निवेदन असतं. वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य येतो आणि ज्या उत्पन्नासाठी अर्ज दिला ते करमुक्त मर्यादेच्या आत आहे, असं तुम्ही त्यात सांगत असता. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच तो द्यावा. खोटं निवेदन हा गुन्हा आहे, आणि पुढे कर निघाला तर तो व्याजासकट भरावा लागतोच. पॅनशिवाय दिलेला १५जी तर ग्राह्यच धरला जात नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी हाच अर्ज १५एच नावाने असतो.

आमच्या मते, मागच्या वर्षांचा हिशेब हातात नसेल तर कपात होऊ द्यावी. जास्तीची रक्कम रिटर्नमधून परत येते. चुकीचं निवेदन मात्र परत घेता येत नाही.

एका पासबुकातले चार पैसे

पासबुकात कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा असे दोन रकाने दिसतात. करासाठी मात्र त्याचे चार भाग करावे लागतात, कारण प्रत्येकाची वागणूक निराळी आहे.

मालकाने भरलेली रक्कम आणि तिच्यावरचं व्याज हे दोन्ही पूर्ण करपात्र असतात आणि त्यांचं स्वरूप पगाराचं. तुमच्या स्वतःच्या वर्गणीवरचं व्याज हेही पूर्ण करपात्र, पण ते इतर उत्पन्नात मोडतं. चौथा भाग म्हणजे तुमची स्वतःची वर्गणी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ही वर्गणी तुमच्याच पगारातून गेलेली असते. ज्या वर्षी तिच्यावर ८०सी ची सूट घेतली, त्या वर्षापुरती ती सूट परत घेतली जाते. ज्या वर्षी सूट घेतली नाही, त्या वर्षीच्या वर्गणीवर पुन्हा कर लागत नाही.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ निवड झाली आणि तिच्यात ८०सी ची सूट नाही. त्यामुळे ज्यांनी तेव्हापासून काही वेगळं निवडलं नाही, त्यांची त्या वर्षांतली स्वतःची वर्गणी कराबाहेर राहते. बरेच जण हे विसरतात आणि निघालेली सगळी रक्कम करपात्र दाखवून मोकळे होतात.

पेन्शनचा रकाना या हिशेबात मिसळू नका. त्याचा दावा फॉर्म १०सी ने वेगळा होतो. ज्यांचा पीएफ १५,००० रुपयांवर कापला जातो, त्यांच्या मालकाच्या १,८०० रुपयांतले १,२५० पेन्शनकडे जातात आणि पीएफमध्ये ५५० च येतात. अशा कामगाराचा मालकाकडून आलेला करपात्र भाग लहान असतो.

पासबुक समोर ठेवून हिशेब

एक गुणवत्ता तपासनीस १ एप्रिल २०२१ ला अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि ३१ मार्च २०२५ ला त्याने राजीनामा दिला. पूर्ण चार वर्षं झाली. ही त्याची पहिलीच नोकरी, आणि मूळ पगार पहिल्यापासून २०,००० असल्यामुळे तो पेन्शन योजनेत येत नाही. म्हणून मालकाचे १२ टक्केही पूर्ण पीएफमध्ये जातात. महिना २,४०० त्याचे आणि २,४०० मालकाचे, म्हणजे वर्षाला प्रत्येकी २८,८००. हिशेब सोपा राहावा म्हणून मूळ पगार चारही वर्षं तेवढाच धरला आहे आणि व्याज शंभरात गोल केलं आहे. या वर्षांचे व्याजदर ८.१०, ८.१५, ८.२५ आणि ८.२५ टक्के होते.

प्रत्येक बाजूवर व्याज मिळालं ते असं: पहिल्या वर्षी १,१००, दुसऱ्या वर्षी ३,५००, तिसऱ्या वर्षी ६,२००, चौथ्या वर्षी ९,१००. नोकरी सोडल्यावरच्या दोन महिन्यांचं आणखी १,९००. असे व्याजाचे २१,८०० आणि वर्गणीचे १,१५,२०० मिळून प्रत्येक बाजूला १,३७,००० झाले. दोन महिन्यांच्या बेकारीनंतर जून २०२५ मध्ये त्याने पीएफची सगळी रक्कम काढण्याचा फॉर्म १९ भरला. (ही दोन महिन्यांची मुदत बारा महिने करण्याचा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला आहे, त्यामुळे पुढच्या दाव्यांना हे वेळापत्रक धरू नका.) एकूण रक्कम २,७४,०००. त्यातून २७,४०० कापले गेले आणि खात्यात २,४६,६०० आले.

पहिली दोन वर्षं त्याने जुन्या करप्रणालीत ८०सी ची सूट घेतली होती. पुढची दोन वर्षं तो नव्या प्रणालीत होता. म्हणून त्याच्या वर्गणीतले पहिल्या दोन वर्षांचे ५७,६०० करपात्र होतात आणि नंतरचे ५७,६०० होत नाहीत. करपात्र रक्कम म्हणजे मालकाची बाजू १,३७,०००, स्वतःच्या वर्गणीवरचं व्याज २१,८०० आणि सूट घेतलेली वर्गणी ५७,६००, एकूण २,१६,४००. कपात झाली २,७४,००० वर.

या २,१६,४०० वर कर कसा काढायचा, ते कलम १११ आणि चौथ्या अनुसूचीतला नियम ९ सांगतात. हा निधी मान्यताप्राप्त नसता तर त्या त्या वर्षी किती जास्त कर पडला असता, ते वर्षवार काढायचं. मग तो सगळा फरक मिळून ज्या वर्षी पैसे हातात आले त्या वर्षी भरायचा. म्हणून आपली रक्कम आधी वर्षांवर वाटून घ्यावी लागते.

| आर्थिक वर्ष | मालकाची वर्गणी | दोन्ही बाजूंचं व्याज | परत घेतलेली ८०सी सूट | त्या वर्षाची वाढ |
|---|---|---|---|---|
| २०२१-२२ | २८,८०० | २,२०० | २८,८०० | ५९,८०० |
| २०२२-२३ | २८,८०० | ७,००० | २८,८०० | ६४,६०० |
| २०२३-२४ | २८,८०० | १२,४०० | ० | ४१,२०० |
| २०२४-२५ | २८,८०० | १८,२०० | ० | ४७,००० |

उरलेलं ३,८०० चं व्याज नोकरी सुटल्यावरचं आणि चालू वर्षाचं आहे. ते २०२५-२६ च्या इतर उत्पन्नात जातं. टेबल आणि हे ३,८०० मिळून बेरीज २,१६,४०० येते. ती आली नाही तर पुढे जाऊ नका, कुठेतरी एखादं व्याज एकदाच धरलं गेलेलं असतं.

आता प्रत्येक वर्षाचं रिटर्न उघडायचं. २०२१-२२ मध्ये त्याचं करपात्र उत्पन्न ३,७०,००० होतं आणि ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. त्यात ५९,८०० मिळवले तर ४,२९,८०० होतात. पाच लाखांच्या आत असल्यामुळे कर अजूनही शून्यच.

२०२२-२३ मध्ये ओव्हरटाइम बराच झाला होता. करपात्र उत्पन्न ४,६०,०००, कर शून्य. त्यात ६४,६०० मिळवले की ५,२४,६०० होतात, आणि पाच लाखांची रेषा ओलांडल्याबरोबर सवलत पूर्ण जाते. मग अडीच ते पाच लाखांवरचे १२,५००, वरच्या २४,६०० चे २० टक्क्यांनी ४,९२०, मिळून १७,४२०, आणि त्यावर ४ टक्के उपकर. दहात गोल करून १८,१२०. पाच लाखांच्या वर गेले साडेचोवीस हजार आणि कर पडला अठरा हजार, हे पाहून बेरीज चुकली असं वाटेल, पण ती बरोबर आहे. जुन्या प्रणालीत ही सवलत हळूहळू कमी होत नाही, रेषेपाशी एकदम तुटते.

२०२३-२४ मध्ये नवी प्रणाली, उत्पन्न ५,२०,०००. मिळवून ५,६१,२००. त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत सवलत होती, म्हणून शून्य. २०२४-२५ मध्ये ५,६०,००० चे ६,०७,००० होतात. तीच मर्यादा, तोच शून्य.

चार वर्षांचा फरक मिळून १८,१२० रुपये. कापले गेले होते २७,४००. म्हणजे ९,२८० परत यायला हवेत. त्याच माणसाचा त्या वर्षीचा ओव्हरटाइम कमी असता आणि उत्पन्न ४,३०,००० असतं, तर फरक शून्य येऊन सगळे २७,४०० परत आले असते. वीस-तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या अभियंत्याचा हिशेब मात्र उलटा जातो. त्याच्या बाबतीत दहा टक्के अपुरे पडतात आणि रिटर्न भरताना वरची रक्कम खिशातून द्यावी लागते. ही रक्कम दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कराचे हप्ते भरावे लागतात, नाहीतर व्याज चढतं.

हिशेबासाठी काय काढून ठेवायचं

पासबुक दावा टाकण्याआधीच उतरवून घ्या, सगळ्या मेंबर आयडींचं आणि सगळ्या वर्षांचं. रक्कम निघून गेल्यावर ते पुन्हा पाहायला मिळेलच याची खात्री धरू नका. पासबुकात मार्चच्या पगाराची वर्गणी एप्रिलमध्ये जमा झालेली दिसते. म्हणून वर्षाची बेरीज जमा तारखेवरून न करता पगाराच्या महिन्यावरून करा आणि ती फॉर्म १६ मधल्या आकड्याशी ताडून पाहा.

त्याखेरीज प्रत्येक वर्षाचा फॉर्म १६ किंवा भरलेल्या रिटर्नची प्रत लागते. त्यातून दोनच गोष्टी घ्यायच्या असतात: त्या वर्षी प्रणाली कोणती होती आणि करपात्र उत्पन्न किती होतं. ८०सी मध्ये दीड लाखांची मर्यादा आयुर्विमा, घरकर्जाची मुद्दल, मुलांची फी यांनीच भरून वर रक्कम उरत असेल, तर पीएफची सूट खऱ्या अर्थाने किती मिळाली ते पाहावं लागतं. तिथे डोळे मिटून पूर्ण २८,८०० परत घेण्याची गरज नसते. वर्गणी वगळून उरलेल्या गुंतवणुका किती होत्या ते लिहा, आणि दीड लाखांत जेवढी जागा उरत होती तेवढीच सूट पीएफमुळे मिळाली असं धरा.

रिटर्नमध्ये कुठे लिहायचं

रक्कम जून २०२५ मध्ये आली, म्हणून ती २०२६-२७ या करनिर्धारण वर्षाच्या रिटर्नमध्ये जाईल. साधा आयटीआर-१ इथे चालत नाही, कारण कलम १११ चा रकाना त्यात नाही. आयटीआर-२ घ्या. धंद्याचंही उत्पन्न असेल तर आयटीआर-३. इतर उत्पन्नाच्या अनुसूचीत, म्हणजे `Schedule OS` मध्ये, विशेष दराच्या उत्पन्नाखाली मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीच्या संचित शिल्लकीसाठी रकाना आहे. त्यात प्रत्येक ओळीत तीन गोष्टी मागितलेल्या असतात: करनिर्धारण वर्ष, उत्पन्नातला लाभ आणि करातला लाभ. आपल्या टेबलाचा शेवटचा रकाना उत्पन्नातल्या लाभात जातो आणि काढलेला फरक करातल्या लाभात. दुसऱ्या ओळीत करनिर्धारण वर्ष २०२३-२४, लाभ ६४,६०० आणि कर १८,१२०. बाकी तीन ओळींत कर शून्य. इथे आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. आर्थिक वर्ष २०२२-२३ म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२३-२४.

दुसरीही एक वाट घेतली जाते. मालकाचा भाग पगारात, व्याज इतर उत्पन्नात, असं सगळं चालू वर्षातच दाखवायचं आणि वाटल्यास कलम ८९ ची सूट मागायची. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीने कर शून्य होत असल्याने ही वाट मोहात पाडते. आपल्या तपासनिसाला नोव्हेंबरमध्ये सिन्नरला नवी नोकरी लागली आणि वर्षभरात तीनेक लाखच हाती आले, तर या वाटेने त्याचे सगळे २७,४०० परत येतील असं दिसतं. पण कायद्याचं शब्दांकन वर्षवार हिशेबाचं आहे, आणि या वाटेत ८०सी ची परत घ्यायची सूट हमखास गळून जाते. विचारणा झाली तर वर्षवार टेबल हाच टिकणारा कागद आहे. आम्ही तोच मार्ग धरायला सांगू, नऊ हजार मिळोत की सत्तावीस.

कापलेल्या रकमेसाठी २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण, उघडा. तिथे कलम १९२ए, रक्कम २,७४,००० आणि कपात २७,४०० अशी नोंद दिसली पाहिजे. संघटनेने तिमाही विवरण भरल्यावरच ती उमटते, त्यामुळे पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शोधून उपयोग नाही. नोंदच नसेल तर आधी केवायसीत पॅन बरोबर जोडला आहे का ते पाहा. वीस टक्के कपात होऊन नोंद गायब असेल, तर कारण बहुधा पॅनच असतं. मग संघटनेच्या तक्रार पोर्टलवर पॅनसकट अर्ज करून विवरण दुरुस्त करून मागावं लागतं.

कपात मागितली पण तिच्यामागचं उत्पन्न कुठेच दाखवलं नाही, तर रिटर्न सदोष असल्याची नोटीस येऊ शकते. २६एएस मध्ये २,७४,००० आणि रिटर्नमध्ये २,१६,४०० असा फरक दिसला म्हणून मात्र घाबरू नका. तो फरक म्हणजे ८०सी न घेतलेली ५७,६०० ची वर्गणी. वर्षवार टेबल, पासबुक आणि नव्या प्रणालीच्या दोन वर्षांची रिटर्नं एका पीडीएफमध्ये जोडून ठेवली की या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

राहिला एक हिशेब, दावा टाकण्याआधीचा. या तपासनिसाने जूनमध्ये फॉर्म १९ न भरता नोव्हेंबरमध्ये सिन्नरच्या नव्या खात्यात शिल्लक वर्ग केली असती, तर जुनी चार वर्षं तिथे मोजली गेली असती. मधले सात महिने मोजले गेले नसते, पण सिन्नरला एक वर्ष पूर्ण होताच, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये, त्याची पाच वर्षं भरली असती. मग १८,१२० रुपयांचा कर नाही, कपात नाही आणि आयटीआर-२ मधली ती ओळही नाही. नोकरी सुटल्यावर घरात खरंच पैशाची निकड आहे की दुसरी नोकरी दोन-चार महिन्यांत लागायची शक्यता आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक. पण दाव्याचं बटण दाबण्याआधी मागच्या वर्षांची ही बेरीज एकदा कागदावर करून ठेवली, तर त्या निकडीची किंमत किती ते रुपयांत कळतं.